अँजिओप्लास्टीनंतर चालण्याचा वेग कसा ठरवावा: बोलण्याची कसोटी आणि श्रमांची जाणीव

हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेले लोक घरी गेल्यावर काही आठवड्यांनी तपासणीला येतात, तेव्हा "चालताना नाडी कितीपर्यंत जाऊ द्यायची?" हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त आहे, कारण मनगटावरचे घड्याळ दर क्षणाला एक आकडा दाखवत असते आणि व्यायामशाळेतल्या भिंतीवरच्या तक्त्यातही वयानुसार आकडेच छापलेले असतात. हृदयरोग्यांना व्यायाम शिकवण्याचे काम करताना मी या प्रश्नाला आकड्याने उत्तर देणे बऱ्याच वर्षांपूर्वी थांबवले. त्याऐवजी मी माणसाला चालता चालता मोठ्याने बोलायला लावते आणि श्रम किती वाटले ते विचारते. हे दोन्ही उपाय दिसायला इतके साधे आहेत की ते नीट न शिकताच वापरले जातात, आणि मग फसतात. म्हणून ते कसे करायचे, एवढेच या लेखात सविस्तर सांगते.

लेख एका विशिष्ट परिस्थितीपुरता आहे. झटका येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टीने रक्तवाहिनी मोकळी केली आहे, तब्येत स्थिर आहे आणि डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली आहे, असे येथे गृहीत धरले आहे. बायपास झालेल्यांना वेग ठरवण्याची पद्धत हीच लागू पडते, पण छातीचे हाड सांधेपर्यंत हात वर ताणणे आणि वजन उचलणे यांवर साधारण दोन ते तीन महिने निर्बंध असतात. ते त्यांनी आपल्या शल्यचिकित्सकांकडूनच समजून घ्यावेत.

नाडीचा आकडा कुठे फसतो

आपण ज्याला कमाल नाडी म्हणतो, ती काढण्याचे "२२० वजा वय" हे सूत्र १९७१ साली अमेरिकेतल्या फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखामुळे प्रचारात आले. तो एक ढोबळ अंदाज होता. निरोगी माणसांतही हा अंदाज मिनिटाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, आणि काहींच्या बाबतीत त्याहून जास्त. झटका आलेल्या माणसाची अडचण मात्र याहून मोठी आहे, कारण त्याच्या गोळ्यांत बहुधा मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांपैकी एखादे बीटा-ब्लॉकर असते. हृदयावरचा भार कमी व्हावा म्हणून ते औषध नाडीला मुद्दाम आवर घालते. विश्रांतीतही आणि श्रमातही. सूत्राला मात्र वय तेवढे कळते, गोळी कळत नाही.

हे प्रत्यक्षात कसे दिसते हे कळण्यासाठी एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. मी पाहिलेल्या अनेकांना मिळून ते घडवले आहेत. वय ५८, नुकतेच निवृत्त, डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत स्टेंट, सकाळी मेटोप्रोलॉल. बसल्या जागी नाडी ५८. सूत्राप्रमाणे त्यांची कमाल नाडी १६२ आणि तिच्या सत्तर टक्के, म्हणजे ११३, हे "मध्यम" व्यायामाचे लक्ष्य. मुलाने दिलेले घड्याळ बांधून ते सोसायटीत चालतात, आकडा ९२ च्या पुढे सरकत नाही, म्हणून ते वेग वाढवतात. ११३ गाठेपर्यंत शर्ट घामाने भिजलेला असतो आणि शेजाऱ्याच्या "काय काका, कसं काय?" ला ते फक्त हात हलवून उत्तर देतात. पुढे सहाव्या आठवड्यात डॉक्टर गोळी चालू ठेवूनच त्यांची ट्रेडमिल टेस्ट करतात, तेव्हा अगदी थकेपर्यंत चालूनही नाडी १२४ वरच थांबते. याचा अर्थ ११३ म्हणजे त्यांच्या खऱ्या मर्यादेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक. ज्याला ते मध्यम समजत होते, तो व्यायाम त्यांच्यासाठी जवळजवळ शर्यत होती. ९२ हा आकडा, जो त्यांना कमी वाटत होता, तोच योग्य होता.

घड्याळाचा स्वतःचाही दोष असतो. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर कधी कधी नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजू लागतो, आणि नाडी अनियमित असेल तर त्याचे वाचन आणखीनच बिनभरवशाचे होते.

घराबाहेर पडण्यापूर्वी

घरी जाताना किंवा पहिल्या तपासणीला डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. दुसऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा शिल्लक ठेवला आहे का? हृदयाची पंपिंगची ताकद किती आहे? आणि माझ्यासाठी नाडीची काही वरची मर्यादा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना "नाही" असे मिळते. ज्यांना "आहे" असे मिळते त्यांच्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

काही दिवस असे असतात की त्या दिवशी चालायला जायचेच नाही. ताप असेल, बसल्या जागी छातीत दडपण किंवा दम असेल, बसल्या जागची नाडी १२० च्या वर असेल, बीपी वरचे १८० च्या किंवा खालचे ११० च्या वर असेल, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढून पायांवर सूज आली असेल, तर चप्पल घालण्याऐवजी डॉक्टरांना फोन करावा. शेवटच्या लक्षणाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. एवढ्या लवकर वाढलेले वजन हे अंगात साठलेले पाणी असते, चरबी नव्हे.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी लिहून दिली असेल तर ती खिशात असावी, घरच्या डब्यात नव्हे. चालताना छातीत दडपण, जळजळ, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणे अथवा वेडीवाकडी धडधड सुरू झाली तर थांबावे, बसावे आणि मगच गोळी जिभेखाली ठेवावी. उभ्याने घेतल्यास बीपी उतरून माणूस पडू शकतो. पाच मिनिटांत बरे वाटले नाही तर १०८ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नये. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे, कारण त्या गोळीच्या जोडीने सॉर्बिट्रेट घेतल्यास बीपी धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हा विषय संकोचामुळे राहून जातो, म्हणून मी तो पुरुष रुग्णांकडे स्वतःहून काढते.

बोलण्याची कसोटी

श्रम वाढत जातात तसे एका टप्प्यापुढे स्नायूंत आम्ल साठू लागते. ते निष्प्रभ करताना रक्तात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकाएकी जलद होतो. बोलणे म्हणजे लांबवलेला उच्छ्वास. शरीराला भराभर श्वास हवा असताना उच्छ्वास लांबवणे जमत नाही, म्हणून वाक्य मध्येच तुटते. हा टप्पा बीटा-ब्लॉकरने नाडीइतका बिघडत नाही, आणि म्हणूनच आकडा फसतो तेथे श्वास बऱ्यापैकी खरे सांगतो. आपल्याला या टप्प्याच्या अलीकडे राहायचे आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कसोटी तपासली, तेव्हा त्यांनी लोकांना त्यांच्याकडची राष्ट्रनिष्ठेची शपथ म्हणायला लावली; ती तेथे सगळ्यांना शाळेपासून पाठ असते. आपल्याकडे याहून सोयीची गोष्ट आहे, ती म्हणजे शाळेतली प्रतिज्ञा. तिची पहिली तीन वाक्ये आखूड आहेत आणि ती जवळजवळ कोणत्याही वेगात म्हणता येतात. खरी परीक्षा पाचव्या वाक्यात होते: "त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन." हे वाक्य एका श्वासात, न ओढाताण करता पार पडते की नाही, हे पाहायचे.

आधी खुर्चीत बसून प्रतिज्ञा मोठ्याने म्हणावी आणि पाचवे वाक्य एका श्वासात होते का ते पाहावे. ही आपली पायरेषा. ज्याचे वाक्य बसल्या जागीच तुटते, त्याला चालतानाची कसोटी लागू होत नाही, आणि त्याने ते का तुटते हे आधी डॉक्टरांना विचारायला हवे. टिकाग्रेलॉर नावाची रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या काहींना श्रमाशी संबंध नसतानाही दम अपुरा पडल्यासारखे वाटते. तसे असेल तर ते या पायरेषेवरच कळून येते. पण गोळी मनाने बंद करायची नाही, कारण नवा स्टेंट त्यामुळे गुठळीने बंद पडू शकतो.

मग चालायला सुरुवात करावी. पहिली पाच ते दहा मिनिटे रमतगमत चालावे, कारण थंड शरीराने एकदम वेग घेतला तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडण्याची शक्यता वाढते. नंतर त्या दिवसाचा वेग धरावा आणि त्याच वेगात किमान तीन मिनिटे गेल्यावर, न थांबता, प्रतिज्ञा म्हणावी. वेग बदलल्यानंतर श्वास स्थिरावायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्याआधी घेतलेली कसोटी खोटा दिलासा देते. प्रतिज्ञा म्हणून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा, "आरामात बोलता आलं का?" उत्तर तीनच प्रकारचे असू शकते. "हो" आले तर वेग बरोबर आहे. "हो, पण..." आले, म्हणजे वाक्य झाले पण शेवटच्या दोन शब्दांना श्वास ओढावा लागला, तर आपण टप्प्याच्या काठावर आहोत आणि वेग थोडा कमी करायचा. "नाही" आले तर लगेच रमतगमत चालीवर यायचे. माझा अनुभव असा की "हो, पण" हे उत्तर पुरुषांच्या तोंडून सहसा "हो" म्हणूनच बाहेर पडते, म्हणून पहिल्या काही वेळा सोबत कोणीतरी ऐकायला असावे.

ही कसोटी ज्या चुकांनी निकामी होते त्या ठरावीक आहेत. मनातल्या मनात म्हटले तर ती कसोटी होत नाही. पुटपुटले तरी होत नाही. नामजप कितीही वेगात चालू शकतो, कारण प्रत्येक नाम छोट्या श्वासात बसते. वारीत चढावर धापा टाकतानाही "ज्ञानोबा माउली तुकाराम" चालूच असते. गप्पा मारत चालणाऱ्या जोडीत एक जण बोलतो आणि दुसरा "हं, हं" करतो. तेथे कसोटी फक्त बोलणाऱ्याची झालेली असते. लोकांसमोर प्रतिज्ञा म्हणायला लाज वाटते असे कित्येक जण सांगतात. त्यांनी फोन कानाला लावून म्हणावी. पहाटे बागेत फोनवर मोठ्याने बोलणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

श्रमांना आकडा देणे

बोलण्याची कसोटी वरची मर्यादा सांगते, पण मर्यादेच्या आत आपण नेमके कुठे आहोत हे ती सांगत नाही. त्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी गेल्या शतकाच्या साठच्या दशकात विकसित केलेले मापन वापरतात. ते ६ पासून सुरू होऊन २० ला संपते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, ९ खूप हलके, ११ हलके, १३ थोडे जड, १५ जड, १७ खूप जड, १९ अत्यंत जड आणि २० म्हणजे यापुढे पाऊलही उचलणार नाही अशी अवस्था. सुरुवात सहापासून का, हे सगळे विचारतात. निरोगी तरुणांत या आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडी मिळावी, म्हणून. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याने हा गुणाकार विसरून जावा. १३ वाटले म्हणून १३० शोधत बसणे म्हणजे सोडलेल्या आकड्याकडे मागच्या दाराने परत जाणे.

आकडे मनात बसायला आपल्या आठवणीतले प्रसंग उपयोगी पडतात. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सावकाश जाणे ९ च्या आसपास असते. रिकाम्या पिशवीने बाजारात निवांत चालणे ११. तीच पिशवी भरून परतताना १३. सुटत असलेली लोकल पकडायला धावणे १७ किंवा त्याहून वर. हे प्रसंग झटक्याच्या आधीचे घ्यावेत, नाहीतर मोजपट्टीच आखडते. आकडा देताना फक्त गुडघा दुखला किंवा फक्त पोटरी भरून आली यावर जाऊ नये. श्वास, पाय आणि एकंदर थकवा मिळून अंग किती राबते आहे, ते सांगायचे. आणि घड्याळ पाहण्याआधी सांगायचे, कारण एकदा आकडा दिसला की जाणीव त्याच्यामागे फरफटत जाते.

पहिल्या काही आठवड्यांत ११ ते १२ मध्ये राहावे. पुढे तपासण्या चांगल्या आल्या आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर १३ पर्यंत जावे. १५ आणि त्यापुढे घरच्या घरी, देखरेखीशिवाय, जाऊ नये. दोन्ही खुणा जुळायला हव्यात: प्रतिज्ञेला "हो" आणि आकडा ११ ते १३. जुळल्या नाहीत तर त्यांपैकी जी जास्त श्रम दाखवते ती खरी मानावी.

आठवड्यांचा हिशेब

आपले गृहस्थ चौथ्या दिवशी घरी आले. पहिल्या आठवड्यात ते सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे चालले, आकडा ९ ते १०. दुसऱ्या आठवड्यात दोनदा दहा मिनिटे, तिसऱ्यात दोनदा पंधरा. चौथ्या आठवड्यात त्यांनी सकाळचे एकच चालणे वीस मिनिटांचे केले आणि संध्याकाळी दहा मिनिटे ठेवली. सहाव्या आठवड्यापर्यंत सकाळची तीस मिनिटे झाली, सुरुवातीची आणि शेवटची रमतगमत चाल धरून. या सगळ्या काळात त्यांनी वेग वाढवायचा नव्हता, फक्त वेळ वाढवायची होती. पाचव्या आठवड्यात हाती आलेल्या घड्याळाने हा क्रम आठवडाभर मोडला, तो ११३ चा प्रकार वर आलाच आहे. वेळ आणि वेग एकदम वाढवले की दुसऱ्या दिवशी थकवा आला तर तो कशामुळे, ते कळत नाही.

दोन-तीन मिनिटे वाढवायची परवानगी स्वतःला केव्हा द्यायची? मागची तीन चालणी "हो" ची असावीत, थांबल्यावर दहा मिनिटांत श्वास पूर्ववत व्हावा आणि तासाभराने अंग मोडून आल्यासारखे वाटू नये. दुपारी झोप काढावी लागली तर सकाळचे चालणे जास्त झाले, असे समजावे.

शेवटची पाच-दहा मिनिटे वेग उतरवत आणणे सगळ्यात जास्त गाळले जाते, कारण तोवर घर दिसू लागलेले असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबले की ते रक्त पायांत साठते, आणि बीपीच्या गोळ्यांमुळे आधीच सैलावलेल्या रक्तवाहिन्यांत बीपी झटकन उतरते. त्यामुळे फाटकापाशी गप्पा मारत एका जागी उभे राहणे आणि घरी येऊन लगेच कढत पाण्याने अंघोळ करणे, ही दोन्ही कामे दहा मिनिटांनी करावीत. जेवणानंतर किमान दीड तास चालायला जाऊ नये.

जिना, चढ आणि ऊन

जिन्यावर बोलण्याची कसोटी मागे पडते. एक मजला चढायला अर्धा मिनिटही लागत नाही आणि दम तर वर पोहोचल्यावर लागतो. म्हणून चढताना आरामात बोलता आले याला काही अर्थ नाही. एक मजला चढून थांबावे, मिनिटभराने प्रतिज्ञेचे पाचवे वाक्य म्हणावे आणि "हो" आले तरच पुढचा मजला चढावा. टेकडीवर जाणाऱ्यांनी सपाटीवरचा वेग चढावर नेऊ नये. वेग अर्ध्यावर आणावा आणि आकडा तोच ठेवावा. या पद्धतीचा खरा उपयोग येथेच दिसतो. मे महिन्यात मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत अंग थंड ठेवायला हृदयाला जादा काम पडते, त्यामुळे जानेवारीत ११ वाटलेली चाल १४ वाटू शकते. अशा दिवशी कालचा वेग गाठायचा नसतो, कालचा आकडा गाठायचा असतो, मग अंतर कमी भरले तरी चालेल. दिवसाला दहा हजार पावलांचा आग्रह धरणाऱ्यांना मी सांगते की तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे यंत्र विकताना रूढ झाला. स्टेंटशी त्याचा काही संबंध नाही.

वहीत काय उतरले

दोनशे पानी साधी वही पुरते. तारीख, वेळ, किती मिनिटे, प्रतिज्ञेचे उत्तर, बोर्गचा आकडा आणि एक शेरा, एवढेच लिहायचे. आपल्या गृहस्थांच्या नवव्या आठवड्यातल्या नोंदी अशा आहेत.

सोमवार, सकाळी ६.३०, ३० मिनिटे, हो, ११, शेरा नाही.
मंगळवार, सकाळी ६.३०, ३० मिनिटे, हो, ११, थंडी.
बुधवार, सकाळी ६.३०, ३० मिनिटे, हो पण, १३, झोप झाली नाही.
गुरुवार, सकाळी ६.३०, २० मिनिटे, नाही, १४, वाक्य "पात्रता" वर तुटले.
शुक्रवार, सकाळी ६.४०, १२ मिनिटे, नाही, १४, परत आलो.

रस्ता तोच, वेग तोच, गोळ्या त्याच. बुधवारचे कारण झोप असू शकते, आणि एखादा दिवस असा जाणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी वेग उतरवायचा आणि कारण शोधायचे. पण दोन दिवस लागोपाठ तीच चाल जड वाटली तर नियम ठरलेला आहे: तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. त्यांनी शुक्रवारी दुपारी केला. ईसीजीत नवे काही नव्हते, पण रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १३ वरून ९.८ वर आलेले निघाले, आणि विचारल्यावर शौचाचा रंग काळा होत असल्याचे त्यांनी सांगितले. स्टेंटसाठीच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांमुळे जठरातून हळूहळू रक्त जात होते. घड्याळात या दिवसांत फक्त चार-पाच ठोक्यांचा फरक होता. नाडीने द्यायचा इशारा बीटा-ब्लॉकरने दाबून टाकला होता. तुटलेल्या वाक्याने तो दिला.

अशा वेळी कारण दर वेळी रक्तस्राव असेलच असे नाही. नाडी अनियमित होणे, स्टेंटच्या जागी पुन्हा अरुंदपणा येणे, फुप्फुसांत पाणी साठू लागणे, नुकताच बदललेला औषधाचा डोस, यांपैकी काहीही असू शकते, आणि ते ठरवणे आपले काम नाही. "मंगळवारी ११ होते, गुरुवारी १४ झाले" एवढे सांगता आले की डॉक्टरांचे अर्धे काम होते. "जरा दम लागतो" या वाक्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

कसोटी कुठे पुरत नाही

ज्यांना दमा किंवा धूम्रपानाने आलेला फुप्फुसाचा जुना विकार आहे, त्यांचे वाक्य हृदयाच्या खूप आधी फुप्फुसामुळे तुटते. त्यांनी बोर्गच्या आकड्यावर अधिक भर द्यावा. पक्षाघाताने बोलणे अडखळते अशांनाही तेच लागू आहे. वजन उचलताना किंवा एखादे आसन धरून ठेवताना लोक नकळत श्वास कोंडतात, आणि कोंडलेल्या श्वासाने बीपी एकदम उसळते. तेथे मोठ्याने अंक मोजत राहणे एवढाच बोलण्याचा उपयोग. कुंभकाचे प्राणायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

मधुमेह फार वर्षांचा असेल तर छातीतल्या वेदनेची जाणीव बोथट झालेली असू शकते, आणि हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण केवळ अनपेक्षित दम किंवा थकवा एवढीच असते. अशा माणसाने "दुखत नाही ना, मग चालतंय" असे म्हणू नये. उलट, आरामात बोलता येत असतानाही छातीत दडपण आले, तर बोलण्याच्या कसोटीला त्या क्षणी काही किंमत राहत नाही, थांबायचेच.

आणि काही लोकांना नाडीची मर्यादा खरोखरच असते. ट्रेडमिल टेस्टमध्ये एका ठरावीक नाडीवर रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा दिसल्या असतील, तर डॉक्टर साधारण दहा ठोके अलीकडचा आकडा देतात. ज्यांच्या छातीत झटका देणारे यंत्र बसवले आहे, त्यांना ते यंत्र ज्या नाडीवर जागे होते त्याच्या किमान दहा ते वीस ठोके खाली राहावे लागते, नाहीतर नुसत्या वेगवान चालण्याला यंत्र विकार समजून झटका देऊ शकते. अशांनी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा. घड्याळावर भिस्त न ठेवता, चाल थांबवल्याबरोबर मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. थांबल्यावर नाडी भराभर उतरते, म्हणून एका मिनिटाने मोजलेला आकडा नेहमी कमी आणि फसवा असतो. त्यांच्यासाठी प्रतिज्ञा आणि बोर्ग हे या आकड्याच्या खालचे पहारेकरी आहेत: तिघांपैकी ज्याची मर्यादा आधी गाठली जाईल, त्याला वेग उतरवायचा.